E आणि शून्याच्या मधला अंक: एका वॉशिंग मशीनच्या फोटोची तपासणी

भाचीने संध्याकाळी दोन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "मामा, मशीन बंद पडलंय. दार उघडत नाही, आत पाणी आहे. मेकॅनिकला बोलावू का?"

भाड्याच्या घरात घरमालकाने ठेवलेलं समोरून दार उघडणारं सात किलोचं मशीन. पॅनलवरची सगळी अक्षरं जर्मन. सोबतचं पुस्तक कधीच हरवलेलं. ती आणि तिचा नवरा फोनच्या कॅमेऱ्यातून पॅनलचं भाषांतर करून मशीन वापरत होते, आणि तोपर्यंत त्यांचं नीट चाललं होतं.

घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि असे फोटो मला नेहमी येतात. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात एकाच पाण्यामागे दोन वेगवेगळी कारणं होती. एक बिघाड नव्हताच, दुसरा बिघाड होता पण मशीनमध्ये नव्हता. फोटो नीट वाचला नसता तर तिने मेकॅनिकला बोलावलं असतं, त्याने कदाचित पंप बदलला असता, आणि काही दिवसांनी तोच कोड पुन्हा दिसला असता.

पहिला फोटो: छापलेलं काय, पेटलेलं काय

पॅनलच्या फोटोत तीन थर असतात आणि ते वेगळे वाचावे लागतात. छापील अक्षरं मशीन काय काय करू शकतं ते सांगतात. नॉबची खूण आणि पेटलेले दिवे आत्ता काय निवडलं आहे ते सांगतात. डिस्प्ले सांगतो की मशीन या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे. बहुतेक लोक छापील अक्षरांचं भाषांतर करतात आणि थेट डिस्प्लेवर उडी मारतात. मधला थर, म्हणजे पेटलेले दिवे, तसाच राहून जातो. तिच्या पहिल्या फोटोतलं निम्मं उत्तर नेमकं त्या मधल्या थरात होतं.

आधी छापील अक्षरं. नॉबभोवती पहिलं नाव होतं Koch-/Buntwäsche. कॅमेऱ्याने याचं भाषांतर "स्वयंपाक आणि रंगीत कपडे" असं काहीतरी केलं होतं. इथे Koch म्हणजे उकळणं. पूर्वी पांढरे सुती कपडे उकळत्या पाण्यात धुवायचे, त्यावरून हे नाव आलं. आज त्याचा अर्थ सुती कपडे, पांढरे किंवा पक्क्या रंगाचे. तापमान वेगळ्या बटणावर असतं, म्हणून नावात Koch आहे म्हणून मशीन आपोआप ९० अंशांवर जात नाही. पण आधी कोणी ९० ठेवून गेलं असेल तर रंगीत कपडे खराब होतात, तेव्हा हा कार्यक्रम लावताना तापमानाचा आकडा दर वेळी पाहावा.

त्यापुढे Pflegeleicht. शब्दशः "निगा राखायला सोपं", आणि व्यवहारात सिंथेटिक किंवा मिश्र धाग्याचे कपडे. यात ड्रम हळू फिरतो, स्पिनही सौम्य असतो आणि कपडे कमी घालायचे असतात. सात किलोच्या मशीनमध्ये यात साधारण तीन किलो, म्हणजे अर्ध्याहून कमी ड्रम. Feinwäsche नाजूक कपड्यांसाठी, आणि Wolle/Handwäsche लोकरीसाठी व हाताने धुवायच्या कपड्यांसाठी. या दोन्हींत कपडे आणखी कमी, लोकर तर जेमतेम दीड-दोन किलो.

Eco 40-60 या नावाने पुष्कळांचा गोंधळ होतो. युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या मशीनवर २०२१ पासून हा कार्यक्रम असावाच लागतो. ४० किंवा ६० अंशांवर धुवा असं लेबल असलेले सुती कपडे यात एकत्र धुता येतात. वीज वाचवायला मशीन पाणी कमी तापवतं आणि त्याबदल्यात जास्त वेळ फिरतं. तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ लागणं हे त्याचं नेहमीचं काम आहे. "मशीन अडकलंय, संपतच नाही" अशा कितीतरी तक्रारींमागे नुसता हा कार्यक्रम असतो.

Spülen म्हणजे साध्या पाण्यात खळबळणं. Schleudern म्हणजे पिळणं, आपण ज्याला स्पिन म्हणतो ते. भाषांतराचं ॲप याला कधी कधी "फेकणे" किंवा "घसरणे" म्हणतं, कारण त्या शब्दाचे ते अर्थही आहेत. Abpumpen म्हणजे पाणी उपसून बाहेर काढणं. हा शेवटचा शब्द लक्षात असू द्या, पुढे तोच लागणार आहे.

आता बटणं. U/Min. म्हणजे मिनिटाला किती फेरे, म्हणजे स्पिनचा वेग. Vorwäsche ही मुख्य धुण्याआधीची धुलाई. Zeitvorwahl उशिरा सुरू करण्यासाठी. हे चुकून दाबलं गेलं तर मशीन दार लावून तासन्‌तास गप्प बसतं आणि लोकांना ते बिघडल्यासारखं वाटतं. आणि मग Spülstopp. त्याच्या शेजारचा दिवा पहिल्या फोटोत पेटलेला होता.

मी विचारलं, "अगं, हे Spülstopp तू मुद्दाम लावलंस का?"

"हो. ॲपने 'खळबळणं थांबवा' असं दाखवलं. मला वाटलं जास्तीचं खळबळणं टळेल, पाणी वाचेल."

हा पर्याय नेमका उलटं काम करतो. शेवटचं खळबळणं पूर्ण होतं, पण त्याचं पाणी बाहेर न सोडता मशीन थांबतं. कपडे लगेच बाहेर काढणार नसाल तर पिळलेल्या अवस्थेत दाबून राहिल्यामुळे सुरकुत्या पडू नयेत, ते पाण्यातच तरंगत राहावेत, अशी ती सोय आहे. ड्रममध्ये पाणी असल्यामुळे दाराचं कुलूप उघडत नाही. डिस्प्लेवर उरलेला वेळ 0 दिसतो. माहिती नसलेल्या माणसाला मशीन शेवटच्या टप्प्यावर अडकलं असंच वाटणार.

म्हणजे पहिल्या फोटोपुरता काहीच बिघाड नव्हता. मशीन सांगितलेलं काम करून पुढच्या हुकुमाची वाट पाहत होतं. तो हुकूम म्हणजे नॉब Schleudern किंवा Abpumpen वर नेऊन Start दाबणं.

पण तिने ते आधीच केलं होतं. दुसरा फोटो त्यानंतरचा होता.

दुसरा फोटो: गहाळ अंक

त्या फोटोत डिस्प्लेवर E, मग रिकामी जागा आणि मग 0 दिसत होतं. तिने E0 म्हणून शोध घेतला आणि भलत्याच कंपनीच्या भलत्याच मशीनची माहिती वाचून ती घाबरली.

हा फोटोचा दोष आहे आणि तो वरचेवर घडतो. अशा डिस्प्लेतले सगळे अंक खरं तर एकाच वेळी पेटत नाहीत. मशीन एकेक अंक इतक्या भराभर आळीपाळीने पेटवतं की डोळ्याला ते सलग दिसतात. फोनचा कॅमेरा मात्र सेकंदाचा एक बारीक तुकडा टिपतो, आणि त्या तुकड्यात जो अंक विझलेला असेल तो फोटोत येत नाही. मग E20 चं "E 0" होतं, किंवा 8 चा अर्धा भाग गळून 3 दिसतो. व्हिडिओतही हे होऊ शकतं. म्हणून कोड डोळ्याने पाहून, हाताने लिहून पाठवायचा, फोटो फक्त जोडीला. अक्षरांचाही असाच घोळ होतो, कारण सात रेषांच्या डिस्प्लेवर 5 आणि S सारखेच दिसतात आणि 6 ला b समजलं जातं.

तिच्या मशीनच्या कंपनीत मधल्या अंकावरच सगळं अवलंबून होतं. E10 म्हणजे मशीनमध्ये पाणी येत नाही. E20 म्हणजे पाणी बाहेर जात नाही. E40 म्हणजे दार नीट बंद झालेलं नाही. फोटोत हे तिन्ही "E 0" असेच दिसू शकले असते, आणि तिन्हींसाठी तपासायची जागा वेगळी आहे.

मी तिला पुन्हा पाहायला सांगितलं. "E20 आहे, मामा. आणि Start चा दिवा दोनदा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा दोनदा लुकलुकतो."

दोनदा लुकलुकणं हा त्याच कोडाचा दुसरा पुरावा होता. डिस्प्ले नसलेल्या मशीनवर अनेकदा कोड असाच, दिव्याच्या लुकलुकण्यातून वाचावा लागतो.

यासोबत मी आणखी एक फोटो मागितला, दार उघडल्यावर आतल्या कडेला असलेल्या लेबलचा. तिचं दार अजून बंद होतं, पण काही मशीनवर तेच लेबल मागेही असतं आणि तिला ते सापडलं. त्यावर मॉडेल आणि उत्पादन क्रमांक असतो, काही कंपन्या त्याला PNC म्हणतात, काही E-Nr. हा क्रमांक नसेल तर कोडाचा अर्थ लावणं म्हणजे अंदाज. पाणी बाहेर न जाण्यासाठी एलजी OE दाखवतं, सॅमसंग 5E किंवा 5C, बॉशच्या बऱ्याच मॉडेलवर E18 दिसतं. एकाच तक्रारीला प्रत्येक घरात वेगळं नाव आहे, आणि एकच नाव दोन घरांत दोन तक्रारींना असू शकतं.

कोड खरं काय सांगतो

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण बहुतेक चुकीच्या दुरुस्त्या या एका गैरसमजातून होतात. E20 म्हणजे "पंप खराब" असा अर्थ लोक लावतात. मशीनला पंपाबद्दल तसं काही ठाऊक नसतं.

ड्रमच्या तळाशी एक बारीक नळी असते आणि ती वर एका दाबमापकाला जोडलेली असते. ड्रममध्ये पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि मापकाला पाण्याची पातळी कळते. पाणी काढायची वेळ झाली की मशीन पंप चालू करतं आणि पातळी उतरायची वाट बघतं. ठरलेल्या मिनिटांत ती उतरली नाही की E20. म्हणजे कोड इतकंच सांगतो की पाणी जायला हवं होतं आणि ते गेलं नाही. का गेलं नाही याची कारणं फिल्टरपासून घराच्या सांडपाण्यापर्यंत कुठेही असू शकतात. पंप हे त्यातलं फक्त एक कारण.

म्हणून मी पुढचा प्रश्न आवाजाचा विचारला. "Abpumpen लावल्यावर आतून काय ऐकू येतं?"

"गुंजल्यासारखा आवाज. आणि मागच्या पाइपमधून थोडंसं पाणी गेल्यासारखं."

हा आवाज मोलाचा असतो. पूर्ण शांतता असेल, तर पंपाला वीज पोचत नाही किंवा पंप जळलाय, आणि ते काम मेकॅनिकचं. गुंजारव आहे पण पाणी जात नाही, तर वाटेत काहीतरी अडकलंय, आणि ते बहुतेक वेळा घरच्या घरी सापडतं. पाणी जोरात पूर्ण निघून जातं आणि तरीही कोड येतो, तर दाबमापक किंवा त्याची नळी संशयित, तेही मेकॅनिकचं काम. तिच्या मशीनचा आवाज मधल्या प्रकारात बसत होता.

मी आणखी एक विचारलं, की गेल्या काही आठवड्यांत मशीनला वेळ जास्त लागत होता का. ती म्हणाली, "हो, दाखवलेल्या वेळेपेक्षा वीसेक मिनिटं जास्त लागायची. आणि कपडे जरा जास्तच ओले निघायचे."

हे हळूहळू तुंबण्याचं लक्षण आहे. पाणी सावकाश निघतं, मशीन वाट बघत राहतं, त्यामुळे वेळ वाढतो. पाणी उरलं असेल तर मशीन पूर्ण वेगात पिळत नाही, म्हणून कपडे ओले राहतात. असं बरेच दिवस चालतं आणि मग एके दिवशी पाणी ठरलेल्या वेळेत निघत नाही. कोड त्या दिवशी दिसतो, पण तुंबणं त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. त्याच धुलाईत खळबळण्याचं आधीचं पाणी बाहेर गेलं होतं, यावरूनही पंप अचानक मेला नसावा हे कळत होतं.

फिल्टर

आधी पाणी काढायचं. मशीन बंद करून प्लग काढायला सांगितला, नळाचा वॉल्व्हही बंद. तिच्या ड्रममध्ये खळबळण्याचं थंड पाणी होतं म्हणून लगेच हात घालता आला. ६० किंवा ९० अंशांची धुलाई अर्ध्यावर थांबली असेल तर पाणी निवेपर्यंत थांबावंच लागतं, ते पाणी भाजतं.

मशीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटी झडप असते, आणि तिच्या मागे फिरकीसारखं झाकण असलेला फिल्टर. बऱ्याच मशीनमध्ये त्याच्या शेजारी बूच लावलेली एक बारीक नळी असते. ती नळी बाहेर ओढून, पसरट ताटात धरून बूच काढलं की पाणी हळूहळू येतं. ताट भरलं की बूच लावायचं, ताट रिकामं करायचं, पुन्हा काढायचं. कंटाळवाणं काम आहे, पण फिल्टर थेट उघडला तर पंधरा-वीस लिटर पाणी एकदम जमिनीवर येऊ शकतं. नळी नसेल तर फिल्टर अर्धा फेरा सैल करून पाणी थोडं थोडं सोडावं लागतं, आणि झाकण हातातून सुटू द्यायचं नाही. खाली जुने टॉवेल हवेतच.

नळीतून पाणी येणं थांबल्यावर तिने फिल्टर उघडला. आत धाग्यांचा एक घट्ट गोळा, एक नाणं आणि केसांची एक पिन निघाली. तिला वाटलं कारण सापडलं. मला तसं वाटलं नाही, कारण पिन आणि नाणं फिल्टरच्या जाळीत अडकले होते, म्हणजे जाळी आपलं काम करत होती. गोळा काढणं बरोबर होतं, पण त्याच्याने वाट पूर्ण बंद झाली असेल असं फोटोवरून दिसत नव्हतं.

फिल्टरच्या जागेत टॉर्च मारल्यावर आत पंपाची छोटी पाती दिसतात. प्लग काढलेला असताना ती लाकडी चमच्याच्या दांड्याने किंवा बोटाने फिरवून बघायला सांगितली. ती म्हणाली, "फिरतात, पण सरळ नाही, अडखळत अडखळत, एकेका झटक्याने." हे ऐकून बरेच जण पंप अडकलाय असं समजतात. या पंपाच्या आत कायमस्वरूपी चुंबक असतो, त्यामुळे पाती झटक्यांनी फिरणं हे चांगल्या पंपाचं लक्षण आहे. ती अजिबात न हलणं, त्यांच्याभोवती धागा किंवा केस गुंडाळलेले असणं, किंवा ती चक्क सैल गरगर फिरणं ही चिंतेची लक्षणं. सैल फिरतात तेव्हा बहुधा पाती चुंबकापासून सुटलेली असतात आणि मग पंप गुंजतो पण पाणी ढकलत नाही. तिच्या पंपात यातलं काही नव्हतं.

फिल्टर परत घट्ट बसवायला सांगितलं. झाकणाच्या रबरी कड्यावर एकही धागा राहता कामा नये, नाहीतर पुढच्या धुलाईत तिथून पाणी गळतं. मग डिटर्जंटच्या खणातून दोन लिटर पाणी ओतून फिल्टरजवळ थेंब येतो का ते पाहायचं. थेंब नव्हता. प्लग लावून Abpumpen सुरू केलं.

तेच गुंजणं. काही मिनिटांनी पुन्हा E20.

बादली

इथे बहुतेक लोक हार मानून मेकॅनिकला फोन करतात. पण अजून एक तपासणी बाकी असते आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काही सांगणारी तीच आहे. मशीनचं पाणी घराच्या सांडपाण्यात शिरतं तिथे पाइप सोडवायचा आणि त्याचं टोक बादलीत धरून पंप चालवायचा. पाणी जोरात आलं तर मशीन निर्दोष आहे आणि अडथळा भिंतीच्या बाजूला आहे. आलं नाही तर अडथळा मशीनमध्ये किंवा पाइपमध्ये आहे. या उत्तरावर पुढे बोलवायचा माणूसच बदलतो, मेकॅनिक की प्लंबर.

तिच्याकडे मशीनचा पाइप सिंकखालच्या वळणदार पाइपच्या, म्हणजे ट्रॅपच्या, एका बाजूच्या तोंडाला क्लिपने जोडलेला होता. मी नवऱ्याला सोबत घ्यायला सांगितलं, कारण एकट्याने हे करायला तीन हात लागतात. आधी खाली टब, कारण पाइपमध्ये उरलेलं पाणी सांडतंच. क्लिप सैल करून पाइप काढला. त्याचं टोक जमिनीपासून साधारण ७०-८० सेंटिमीटर उंच धरून बादलीत. फार खाली धरलं तर मशीन बंद केल्यावरही पाणी आपोआप ओघळत राहतं आणि तपासणीचा अर्थ जातो. खणातून आणखी थोडं पाणी ओतलं, Abpumpen लावलं आणि एक हात Start/Pause वर तयार, कारण धडधाकट पंप दहा लिटरची बादली मिनिटभरात भरू शकतो.

भाचीने फोन स्पीकरवर ठेवला होता. पाण्याचा जोरदार आवाज मला इकडे ऐकू आला. ड्रम रिकामा झाला, कुलूप सुटलं, कोड गेला.

म्हणजे पंप उत्तम, पाइप मोकळा. अडथळा ट्रॅपच्या त्या तोंडात होता. तिला हे पटेना. "पण सिंकमधलं पाणी तर छान जातंय." ते खरंच होतं आणि म्हणूनच कोणाला शंका आली नाही. सिंकचं पाणी ट्रॅपच्या मुख्य वाटेने जातं. मशीनच्या बाजूच्या तोंडात मात्र सिंकमधून येणारी चिकट घाण कडेकडेने साचते, तिच्यावर मशीनमधून येणारे कपड्यांचे धागे चिकटतात, आणि ते तोंड आतून आवळत जातं. तिने टॉर्च लावून पाठवलेल्या फोटोत बोटभर रुंद तोंडाच्या जागी पेन्सिल जेमतेम जाईल एवढी फट दिसत होती.

खाली टब ठेवून, जुन्या टूथब्रशने आणि लाकडी काडीने ते तोंड खरवडलं. घाण ट्रॅपमध्ये ढकलायची नाही, बाहेर ओढून काढायची, नाहीतर ती पुढच्या वळणावर जाऊन बसते. मग तोंडातून गरम पाणी सोडलं, पाइप परत लावला, क्लिप घट्ट केली आणि सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहिला. कागद कोरडा राहिला. मग Spülen लावलं, Spülstopp बंद असल्याची खात्री करून. पाणी भरलं, खळबळलं, उपसलं गेलं, पिळलं गेलं.

तिला मी एकच गोष्ट निक्षून सांगितली, की Spülstopp चा दिवा दर वेळी पाहायचा. काही मशीन आधीच्या वेळी निवडलेले पर्याय लक्षात ठेवतात. तसं झालं तर पुन्हा पाणी आत राहील आणि या वेळी खरा बिघाड नसताना पुन्हा सगळा फिल्टर उघडला जाईल.

कधी थांबायचं

हे सगळं घरी करता आलं, कारण कोड पाणी बाहेर जाण्याचा होता. प्रत्येक कोडाला ही मोकळीक नाही. मशीनच्या तळाशी पाणी साचल्याचा कोड असेल, जळका वास येत असेल, मशीन लावलं की घराचा ट्रिप स्विच पडत असेल किंवा बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर नळ बंद, प्लग बाहेर, आणि फिल्टरला हात न लावता मेकॅनिक. मागचं पत्र्याचं झाकण उघडायचं नाही. दार ओढून उघडायचं नाही, कुलपाची कडी तुटते आणि छोटं काम मोठं होतं. धुलाई संपल्यावर दार उघडायला दोन-तीन मिनिटं लागणं तर नेहमीचंच आहे.

कोड एकदा पुसून बघायला हरकत नाही. मशीन बंद करून, प्लग पाच मिनिटं काढून पुन्हा लावायचा. वीज गेल्यामुळे आलेला फसवा कोड त्याने जातो. पण तोच कोड परत आला तर तो खरा. तो पुन्हा पुन्हा पुसून धुलाई रेटत राहिलं की पंप अडथळ्याविरुद्ध तापत राहतो, आणि मग साध्या तुंबण्याचं पंपाच्या खर्चात रूपांतर होतं.

बादलीत पाणी आलं नसतं, तर मी तिला मेकॅनिकला बोलवायलाच सांगितलं असतं, आणि त्याला पाठवायचा निरोप असा लिहून दिला असता: "सात किलो, समोरून दार, जर्मन पॅनल. उत्पादन क्रमांकाचा फोटो सोबत. कोड E20, डोळ्याने वाचलेला, दिवा दोनदा लुकलुकतो. Abpumpen लावल्यावर पंपाचा आवाज येतो. काही आठवडे वेळ जास्त लागत होता, कपडे ओले निघत होते. फिल्टर साफ केला, पाती झटक्यांनी फिरतात. पाइप सिंकपासून सोडवून बादलीत धरला तरी पाणी येत नाही." असा निरोप वाचलेला मेकॅनिक योग्य पंप सोबत घेऊन निघतो आणि येताच पाइपपासून सुरुवात करतो. "मशीन बंद पडलंय" एवढाच निरोप गेला, तर त्याची पहिली फेरी हे सगळं शोधण्यातच जाते.